हुद्दा एकच, कामं तीन: जेडी फोडून भूमिकांची तुलना कशी करायची

अप्रेझलची पत्रं वाटून झाली की आठवड्याभरात कुणीतरी केबिनच्या दारात उभं राहतं. या वर्षी लाइन क्वालिटीचा इंजिनियर आला. म्हणाला, "मॅडम, सप्लायर क्वालिटीवाला पण सीनिअर इंजिनियर आणि मी पण सीनिअर इंजिनियर. मग त्याची ग्रेड माझ्यावर एक कशी?"

मी चाकणजवळच्या एका कारखान्यात एचआर बघते. दुचाकींना लागणारे ॲल्युमिनियमचे डायकास्टिंग पार्ट आम्ही ओततो, मशीनिंग करतो आणि पाठवतो. क्वालिटीत ‘सीनिअर इंजिनियर’ असा हुद्दा असलेल्या तीन टीम आहेत. इनकमिंगवाले येणारा माल तपासतात, लाइनवाले मशीन शॉपमध्ये उभे असतात आणि सप्लायर क्वालिटीवाले माल देणाऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन बसतात. मी तिन्हींचे जेडी, म्हणजे कुणी काय काम करायचं ते सांगणारे कागद, छापून टेबलावर शेजारीशेजारी ठेवले आणि हायलायटर घेऊन बसले. अर्ध्या तासात तिन्ही कागद पिवळे झाले, हाती काही लागलं नाही. एकात अकरा मुद्दे, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात आठ. सगळीकडे ‘गुणवत्ता राखली जाईल याची खातरजमा करणे’ होतं, त्यामुळे वाचताना तिघं सारखेच वाटत होते.

जेडी वाचून तुलना होत नाही, तो फोडावा लागतो. कसा फोडायचा ते याच तीन कागदांवर दाखवते. आमचे जेडी इंग्रजीत आहेत, वाक्यं इथे मराठीत देते.

आधी खरा कागद कोणता ते ठरवा

एका हुद्द्याचे दोन-तीन जेडी सहज निघतात. एक नोकरीच्या जाहिरातीतला, एक ऑफर लेटरला जोडलेला आणि एक क्वालिटी सिस्टिमच्या फायलीत नंबर आणि रिव्हिजन टाकून ठेवलेला. जाहिरातीतला जेडी तुलनेला घेऊ नका. तो उमेदवार यावेत म्हणून लिहिलेला असतो. त्यात पात्रता फुगवलेली असते आणि नको ती कामं गाळलेली असतात. रिव्हिजन नंबर असलेला घ्या आणि तारीख टिपून ठेवा. आमच्याकडे इनकमिंगचा जेडी पाच वर्षांपूर्वीचा होता, सप्लायर क्वालिटीचा गेल्या वर्षीचा. नव्या कागदात नवे शब्द येतात, म्हणून भूमिका मोठी वाटते. तो फरक कामाचा नसतो, तारखेचा असतो.

आणि तुलना कशासाठी करताय तो प्रश्न एका वाक्यात लिहून वर चिकटवा. माझा प्रश्न होता: या तीन भूमिका एका ग्रेडच्या आहेत का? प्रश्न ‘एका टीममधून दुसऱ्यात बदली करता येईल का’ असा असता तर मी पात्रतेत जास्त खोल गेले असते. ग्रेडच्या प्रश्नाला जबाबदारी आणि निर्णयाचा अधिकार जास्त महत्त्वाचा.

एका ओळीत एकच गोष्ट

बहुतेक जण शीटमध्ये एका जेडीला एक ओळ देतात आणि शिक्षण, अनुभव, जबाबदाऱ्या असे रकाने करतात. मग जबाबदारीच्या रकान्यात अख्खा परिच्छेद कोंबला जातो आणि आपण पुन्हा हायलायटरपाशी येतो. शीट उलटी मांडा. एका विधानाला एक ओळ द्या, मग एका जेडीच्या वीस-पंचवीस ओळी झाल्या तरी चालेल.

माझे रकाने असे: क्रमांक, टीम, मूळ वाक्य जसंच्या तसं, प्रकार (पात्रता, जबाबदारी, रिपोर्टिंग किंवा इतर), फोडलेली गोष्ट, कामाचा कोड आणि पातळी. मूळ वाक्याचा रकाना वगळू नका. दोन महिन्यांनी कुणी "हे कुठून आणलं?" विचारलं की तोच वाचवतो. एका वाक्यातून तीन गोष्टी निघाल्या तर ते वाक्य तीन ओळींत तीनदा येऊ द्या.

इनकमिंगच्या जेडीतलं हे एक वाक्य घ्या: ‘येणाऱ्या मालाची तपासणी, नापास मालाचा निपटारा आणि सप्लायरकडे पाठपुरावा यांसाठी जबाबदार.’ दिसायला एक मुद्दा, पण त्याच्या पोटात तीन कामं आहेत आणि तिन्हींचं वजन वेगळं आहे.

| फोडलेली गोष्ट | कामाचा कोड | पातळी |
|---|---|---|
| येणाऱ्या मालाची तपासणी | तपासणी | स्वतः करतो |
| नापास मालाचं काय करायचं | नापास माल | कळत नाही |
| सप्लायरकडे पाठपुरावा | सप्लायर सुधारणा | कळत नाही |

पहिल्या ओळीत शंका नाही, तपासणी तोच करतो. दुसरीत ‘निपटारा’ म्हणजे काय? लाल टॅग लावून बाजूला ठेवतो, की परत पाठवायचं की रीवर्क करायचं ते तोच ठरवतो? वाक्य सांगत नाही. अशा ठिकाणी हात आपोआप अंदाजाकडे जातो, कारण आपल्याला तो माणूस माहीत असतो. तिथे ‘कळत नाही’ लिहा. या शीटमधला तो सगळ्यात कामाचा शब्द आहे, पुढे विचारायचे प्रश्न तिथूनच निघतात.

तिन्ही जेडींत मिळून जबाबदारीचे २८ मुद्दे होते, फोडल्यावर ४८ ओळी झाल्या. त्यातल्या ९ पोकळ निघाल्या: ‘वरिष्ठांनी वेळोवेळी सांगितलेली इतर कामं’, ‘संघभावना जोपासणे’ वगैरे. त्या ‘इतर’मध्ये टाकल्या आणि विसरले. एवढं काम मला एक दुपार पुरलं.

पात्रता: ‘किंवा’ कुठे लागतो ते बघा

पात्रतेत तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या: शिक्षण, अनुभव, आणि कौशल्य किंवा प्रमाणपत्र. प्रत्येकीपुढे ‘हवंच’ की ‘असल्यास बरं’ ते लिहायचं. खरी गोची ‘किंवा’च्या जागी होते.

लाइन क्वालिटीच्या जेडीत होतं: ‘बीई / डीएमई मेकॅनिकल, ५ वर्षं अनुभव.’ ही पाच वर्षं दोघांना लागू, की फक्त डिप्लोमावाल्याला? आपल्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा, तर बीई बारावीनंतर चार वर्षांचं. म्हणजे डिप्लोमावाला नोकरीला लागतो तेव्हा त्याच्या बरोबरीचा बीईवाला अजून कॉलेजात असतो. त्यामुळे बहुतेक कारखाने दोघांसाठी वेगळी वर्षं धरतात आणि लिहिताना आळसाने एक तिरपी रेघ मारतात. ही रेघ मी शीटमध्ये ठेवत नाही. एका पात्रतेचे ‘पर्याय अ’ आणि ‘पर्याय ब’ असे दोन स्वतंत्र पर्याय करते आणि प्रत्येकात शिक्षण आणि वर्षं जोडीने लिहिते. वर्षांची जोडी लागत नसेल तर पुन्हा ‘कळत नाही’.

अनुभवाच्या आकड्यापुढे कशाचा अनुभव तेही हवं. पाच वर्षं नोकरी, पाच वर्षं क्वालिटीत आणि पाच वर्षं डायकास्टिंगच्या क्वालिटीत, या तीन निराळ्या अटी आहेत. ‘संबंधित अनुभव’ असं लिहिलं असेल तर तो शब्द जसाच्या तसा उतरवा, त्याचा अर्थ स्वतः लावू नका.

सप्लायर क्वालिटीच्या जेडीत स्वच्छ लिहिलं होतं: बीई हवंच, अनुभव ५ वर्षं, अंतर्गत ऑडिटरचं प्रमाणपत्र असल्यास बरं, महिन्यात दहा दिवस प्रवासाची तयारी. वाचून वाटलं, बास, ग्रेडचं कारण सापडलं. मग त्या हुद्द्यावर आत्ता कोण बसलंय ते बघितलं. दोनपैकी एक डिप्लोमावाला, आणि त्याचं काम उत्तम चाललंय. म्हणजे कागदावरचं ‘हवंच’ प्रत्यक्षात ‘असल्यास बरं’ आहे. पात्रतेच्या प्रत्येक ‘हवंच’ची ही चाचणी घ्या: आत्ताच्या माणसांत ती अट न पुरवणारा कुणी आहे का? असेल तर त्या अटीच्या आधारावर ग्रेडमधला फरक टिकत नाही. उलटी चूकही होते. सगळे बीई आहेत म्हणून कामाला बीई लागतंच, असं ठरत नाही. भरतीच्या वेळी तेवढेच अर्ज आले असतील.

जबाबदारी: क्रियापद, कशावर, कुठपर्यंत

लेखातला हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक तुलना इथेच फसतात.

जबाबदारीच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी शोधायच्या: काय करतो, कशावर करतो आणि कुठपर्यंत जाऊ शकतो. ‘काय’ आणि ‘कशावर’ बहुधा मिळतं. ‘कुठपर्यंत’ जवळजवळ कधीच लिहिलेलं नसतं आणि ग्रेड ठरते ती त्याच्यावर.

मी पातळ्या चारच ठेवल्या: मदत करतो, स्वतः करतो, शिफारस करतो, निर्णय घेतो. पाचवी अर्थातच ‘कळत नाही’. दहा पातळ्यांची शिडी बनवायचा मोह होतो, मीही एकदा बनवली होती. सहा आणि सात यांत फरक काय ते दुसऱ्या दिवशी मलाच सांगता येईना.

क्रियापदं या पातळ्यांत टाकताना काही शब्द पाण्यात विरघळून जातात. इंग्रजी जेडीतले ‘एन्शुअर’, ‘को-ऑर्डिनेट’, ‘हँडल’ आणि ‘लुक आफ्टर’ हे चार बदमाश. ‘एन्शुअर’ म्हणजे मशीनवर उभं राहून मोजतो, की मोजणाऱ्याचा कागद तपासतो, की कुणी मोजलं नाही तर मशीन बंद करतो? तिन्ही बसतं. म्हणून असा शब्द आला की पातळी ‘कळत नाही’, आणि पुढे एक प्रश्न लिहायचा: हे काम झालं याचा कागद कोणता, आणि त्यावर शेवटची सही कुणाची? कारखान्यात या प्रश्नाला उत्तर असतंच. तपासणीच्या रिपोर्टवर, लाल टॅगवर, लाइन बंद केल्याच्या नोंदीवर, दोष का आला आणि त्यावर काय केलं ते सांगणाऱ्या सप्लायरच्या एट-डी रिपोर्टच्या तळाशी कुणाची ना कुणाची सही असते.

लाइन क्वालिटीच्या जेडीतली ही ओळ बघा: ‘उत्पादनादरम्यान गुणवत्तेची खातरजमा करणे.’ कागदावर याला काही वजन नाही. मी त्याला विचारलं, "बोअरचा साइज बाहेर जायला लागला तर काय करतोस?" तो म्हणाला, "मशीन थांबवतो. मागचे पार्ट मागे मोजत जातो. शेवटचा ओके पार्ट सापडला की मधले सगळे लाल पेटीत." "कुणाला विचारून थांबवतोस?" "कुणाला कशाला विचारायचं? थांबवून मग सांगतो." हा निर्णय आहे, शिफारस नाही. आणि हा अधिकार त्याच्या मर्जीचाही नाही. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकातच अट आहे की उत्पादनाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना उत्पादन आणि डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि प्रत्येक शिफ्टमध्ये अशी जबाबदारी असलेलं कुणीतरी हजर असलं पाहिजे. म्हणजे त्या इंजिनियरच्या हातातलं सगळ्यात जड काम त्याच्या जेडीत ‘खातरजमा’ या एका शब्दाखाली झाकलं गेलं होतं.

सप्लायर क्वालिटीचा जेडी बरोबर उलट. त्यात ‘मंजुरी’ हा शब्द चारदा आला होता. विचारपूस केल्यावर चारपैकी दोन खऱ्या निघाल्या: सप्लायरने दिलेला एट-डी स्वीकारून प्रकरण बंद करणे आणि सप्लायरच्या शेडमधल्या ऑडिटचे गुण देणे. नव्या पार्टच्या पीपॅपवर, म्हणजे पार्ट मंजूर व्हावा म्हणून सप्लायर देतो त्या कागदांच्या संचावर, मात्र तो कागद तपासून पुढे पाठवतो, सही क्वालिटी हेडची. म्हणजे शिफारस. चौथी ‘मंजुरी’ तपासणी पद्धतीच्या कागदाची होती, तिथे तो फक्त मसुदा करतो. लेखक दमदार असला की जेडी दमदार होतो, एवढंच.

एकाच कामाला एकच नाव

ओळी फोडल्या, पातळ्या टाकल्या, तरी तुलना अजून होत नाही. कारण एक टीम ‘रिजेक्शन हँडलिंग’ म्हणते, दुसरी ‘नापास मालाचा निपटारा’ आणि तिसरी ‘नॉन-कन्फर्मिंग मटेरियल’. काम एकच. म्हणून प्रत्येक ओळीला कामाचा एक कोड द्यायचा. कोडांची यादी आधी घरून आणू नका, ती ओळींतूनच वर येऊ द्या. पहिल्या जेडीचे कोड टाका, दुसऱ्यात तेच काम दिसलं तर तोच कोड वापरा, नवं दिसलं तर नवा जोडा.

शब्द जुळतो म्हणून कोड जुळवू नका. ‘ऑडिट’ इनकमिंगमध्येही होतं आणि सप्लायर क्वालिटीतही. इनकमिंगचं ऑडिट म्हणजे स्टोअरमध्ये ठेवलेल्या मालाची आठवड्याची पाहणी. दुसऱ्याचं म्हणजे सप्लायरच्या प्रोसेसचं दिवसभराचं ऑडिट, ज्यावर पुढची ऑर्डर अवलंबून असते. मी पहिल्या फेरीत दोन्हींना एकच कोड दिला होता. आमच्या क्वालिटी मॅनेजरनी शीट बघितली आणि हसायला लागल्या.

तेव्हापासून एक गोष्ट नेमाने करते. वीसेक ओळी कोड आणि पातळी झाकून दुसऱ्या कुणाला, शक्यतो त्या कामातल्या माणसाला, भरायला देते. मग दोघांचं ताडून बघते. पाचपेक्षा जास्त ओळींत फरक आला तर कोडांच्या व्याख्या कच्च्या आहेत असं समजून पुन्हा लिहिते. पाचाचा आकडा माझा आहे, कुठल्या नियमातला नाही.

कोड टाकून झाले की कोणतं काम कोणत्या टीममध्ये कितीदा आलं ते गूगल शीट्समध्ये एका सूत्राने मोजता येतं. ओळींच्या शीटचं नाव `Rows`, टीम रकाना B मध्ये, कोड रकाना F मध्ये. नव्या शीटवर रकाना A मध्ये कोडांची यादी आणि पहिल्या ओळीत C पासून टीमची नावं:

```
=COUNTIFS(Rows!$B:$B,C$1,Rows!$F:$F,$A2)
```

पोकळ ओळी वजा जाता उरलेल्या ३९ ओळींतून १७ वेगवेगळी कामं निघाली. तिन्ही टीममध्ये असलेली ५, दोन टीममध्ये असलेली ४ आणि एकाच टीममध्ये असलेली ८. सूत्राच्या शीटवर एखाद्या खान्यात २ किंवा ३ दिसलं तर खूष होऊ नका. ते काम जास्त महत्त्वाचं आहे असं नाही, जेडी लिहिणाऱ्याने तेच वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहिलं आहे. आणि ० म्हणजे ‘हे काम नाही’ असं नाही, ‘लिहिलेलं नाही’ एवढंच. म्हणून माझ्या अंतिम तक्त्यात शून्याच्या जागी ‘उल्लेख नाही’ असतं.

रिपोर्टिंग दोन्ही टोकांनी तपासा

रिपोर्टिंग सगळ्यात सोपं वाटतं, कारण जेडीच्या डोक्यावरच एक ओळ असते. खूप जेडी असतील तर ती ओळ सूत्राने उचलता येते. जेडीचा पूर्ण मजकूर B2 मध्ये असेल तर:

```
=IFERROR(TRIM(REGEXEXTRACT(B2,"(?i)report(?:s|ing)? to\s*:?\s*([^\n]+)")),"उल्लेख नाही")
```

हे सूत्र पहिला मेळ उचलतं आणि थांबतं. आमच्या एका जेडीत वरची ओळ ‘सुपीरियर’ अशा नावाने होती, त्यामुळे सूत्राने खालून ‘रिजेक्शनचं साप्ताहिक रिपोर्टिंग प्लँट हेडला’ हे वाक्य उचललं आणि शीटमध्ये तो इंजिनियर थेट प्लँट हेडच्या हाताखाली जाऊन बसला. ते रिपोर्ट पाठवणं आहे, रिपोर्टिंग नाही. सूत्राने आलेली प्रत्येक ओळ एकदा डोळ्यांखालून घाला.

मग खरं काम. जेडीत वरिष्ठ कोण ते लिहिलेलं असतं, तसंच त्या वरिष्ठाच्या जेडीत हाताखाली कोण तेही असतं. दोन्ही टोकं जुळतात का बघा. लाइन क्वालिटीच्या जेडीत दोन नावं होती: प्रशासकीय रिपोर्टिंग प्रॉडक्शन मॅनेजरला, कामाचं रिपोर्टिंग क्वालिटी मॅनेजरला. प्रॉडक्शन मॅनेजरचा जेडी काढला तर त्यात क्वालिटीच्या माणसाचा उल्लेखच नाही. क्वालिटी मॅनेजरच्या जेडीत इनकमिंग आणि लाइन दोन्हीकडचे सहा जण थेट हाताखाली दाखवलेले.

अशा वेळी जेडी बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारते. रजा कोण मंजूर करतं? अप्रेझल कोण लिहितं? आज कोणत्या मशीनवर जायचं ते कोण सांगतं? तिन्हींचं उत्तर एकच माणूस असेल तर थेट रिपोर्टिंग. वेगळं असेल तर अप्रेझल लिहिणारा तो थेट आणि बाकीचे डॉटेड लाइन, म्हणजे दुय्यम, असा माझा ठोकताळा. लाइनवाल्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरं क्वालिटी मॅनेजर आली. प्रॉडक्शन मॅनेजर कुठून आला? रात्रपाळीत क्वालिटी मॅनेजर नसतात, म्हणून रात्रीच्या हजेरीवर प्रॉडक्शनची सही होते. कुणीतरी ती सोय जेडीत लिहून टाकली आणि तिचं रिपोर्टिंग झालं. हे दुरुस्त करणं तुलनेपलीकडेही गरजेचं होतं. जो मशीन थांबवतो त्याचा वरिष्ठ उत्पादनाचा आकडा सांभाळणारा असेल, तर थांबवण्याचा अधिकार कागदावरच राहतो.

सप्लायर क्वालिटीवाला थेट परचेस हेडला आणि डॉटेड लाइनने क्वालिटी हेडला. दोन्ही टोकं जुळली. वरच्या साखळीत परचेस हेड हा मॅनेजरपेक्षा एक पायरी वर आहे, म्हणून ही भूमिका मोठी दिसते. इथे सावध राहा. मोठ्या साहेबाच्या हाताखाली असणं म्हणजे मोठं काम असणं नव्हे. परचेसमध्ये मधली मॅनेजरची जागा गेली दोन वर्षं रिकामी आहे, एवढंच त्यामागे होतं. रिपोर्टिंगच्या तक्त्यात वरिष्ठाचं नाव कधीच लिहू नका, हुद्दा लिहा आणि जागा रिकामी असली तरी ती चौकट काढा.

तिघांच्या हाताखालचे लोकही मोजले. इनकमिंगकडे दोन इन्स्पेक्टर, लाइनकडे शिफ्टला चार, सप्लायर क्वालिटीकडे कुणीच नाही. यातले कायम किती आणि कंत्राटी किती ते वेगळं लिहा. कंत्राटी माणसाची रजा आणि अप्रेझल ठेकेदाराकडे असतं, पण कामाची चूक निस्तरावी लागते ती आपल्याच इंजिनियरला.

‘कळत नाही’ विचारून भरायचे

आता शीटमधल्या ‘कळत नाही’च्या ओळी गाळून घ्या. माझ्याकडे ११ होत्या. त्या घेऊन आधी काम करणाऱ्याशी आणि मग त्याच्या वरिष्ठाशी, वेगवेगळं, वीस-वीस मिनिटं बोला. एकत्र बसवलंत तर वरिष्ठ बोलतो आणि दुसरा मान हलवतो. "तुझ्याकडे काय अधिकार आहेत?" असं विचारू नका, त्याला मोठ्ठं उत्तर येतं. "गेल्या वेळी असं झालं तेव्हा तू काय केलंस, आणि सही कुणी केली?" असं विचारा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तो कागद मागवा. या बोलण्यातून आलेली माहिती वेगळ्या रंगात ठेवा, म्हणजे जेडीत काय होतं आणि विचारून काय कळलं हे पुढे मिसळत नाही.

काम समान कधी म्हणायचं, यासाठी मला कायद्यातलं माप उपयोगी पडलं. समान वेतन कायदा, १९७६ मध्ये कौशल्य, श्रम आणि जबाबदारी हे निकष होते. वेतन संहिता, २०१९ मध्ये त्यात अनुभवही आला. काम सारख्या परिस्थितीत होतं का हेही बघायचं, आणि फरक असला तर तो नोकरीच्या अटींच्या दृष्टीने व्यवहारात महत्त्वाचा आहे का, हे विचारायचं. ही तरतूद लिंगावरून होणाऱ्या भेदभावासाठी आहे, आमच्या प्रश्नात तो मुद्दा नव्हता. पण ‘फरक आहे का’ यापेक्षा ‘फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे का’ हा प्रश्न फार बरा. शीटमध्ये फरक शेकड्यांनी सापडतात.

तर आमच्या तिघांचं काय निघालं? सारख्या असलेल्या पाच कामांपैकी तीन कामांत पातळी वेगळी होती. नापास मालात इनकमिंगवाला शिफारस करतो, लाइनवाला निर्णय घेतो, सप्लायर क्वालिटीवाला सप्लायरच्या जागी जाऊन निर्णय घेतो. शिक्षणातला फरक गळून पडला. परिस्थितीतला राहिला: एकाला महिन्यात दहा दिवस प्रवास, दुसऱ्याला फिरती रात्रपाळी. पण त्या दोन्हींसाठी भत्ते आधीच वेगळे आहेत, ग्रेडमध्ये ते पुन्हा मोजायचं कारण नाही. राहता राहिले दोन अधिकार, एकीकडे मशीन थांबवण्याचा आणि दुसरीकडे एट-डी बंद करून ऑडिटचे गुण देण्याचा. क्वालिटी मॅनेजर आणि परचेस हेड दोघांनाही विचारलं की यातला कोणता चुकला तर कारखान्याला जास्त महाग पडतो. दोघांची उत्तरं वेगळी आली, पण एक अधिकार दुसऱ्याहून एका ग्रेडने मोठा आहे, असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. इनकमिंगची भूमिका मात्र खरंच एक पायरी खाली निघाली. तो प्रश्न कुणी विचारला नव्हता, आता मलाच हाताळायचा आहे.

ग्रेड समितीकडे मी तीन पानं पाठवली: १७ कामांचा तक्ता, दोन्ही टोकांनी तपासलेली रिपोर्टिंगची आकृती आणि विचारून भरलेल्या ११ ओळींची यादी, प्रत्येकीपुढे सहीचा कागद. समितीचा निर्णय व्हायचा आहे. लाइन क्वालिटीचा जेडी मात्र लगेच बदलला. प्रॉडक्शन मॅनेजरचं नाव निघालं आणि ‘खातरजमा करणे’च्या जागी आता असं आहे: ‘माप मर्यादेबाहेर गेल्यास परवानगीशिवाय मशीन थांबवणे, शेवटच्या ओके पार्टपर्यंतचा माल वेगळा काढणे आणि लाइन बंदच्या नोंदीवर सही करणे.’

त्याला नवी प्रत दिली तेव्हा त्याने ते वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, पुन्हा चालू करायचा अधिकार कुणाचा? ते लिहिलेलं नाही." खरंच नव्हतं. शीटमध्ये बारावी ओळ जोडली.